आधी शांत चालणारी भट्टी आता डोलते. स्मॉल गेन थिअरम या उदाहरणावर कोणी समजावेल का?

भट्टीवाला_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका छोट्या हीट ट्रीटमेंट युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. टेंपरिंगची एक इलेक्ट्रिक भट्टी आहे, सेटपॉइंट ५५० अंश. दोन वर्षांपूर्वी मीच तिचा पीआय ट्यून केला होता. हीटर १० टक्के वाढवला की तापमान साधारण ५० अंश चढायचं, म्हणजे K = 5. टाइम कॉन्स्टंट आला होता ९०० सेकंद. मॉडेल धरलं ते असं:

G(s) = 5 / (900s + 1)
C(s) = (900s + 1) / (5·λ·s),  λ = 50

म्हणजे कंट्रोलरचा गेन ३.६ आणि इंटिग्रल टाइम ९००. लूप उरतो नुसता 1/(λs). कागदावर याचं गेन मार्जिन अनंत येतं, आणि प्रत्यक्षातही भट्टी दोन वर्षं सरळ रेषेत चालली.

मागच्या महिन्यात ओव्हरहॉल झालं. थर्मोकपल जुन्या जागेवरून काढून मागच्या भिंतीजवळ बसवला, त्यावर जाड सिरॅमिकची नळी घातली आणि कॉन्टॅक्टर नवीन बसवला. तेव्हापासून भट्टी वर-खाली १२ अंश डोलते. एक पूर्ण फेरा बरोबर ६ मिनिटांचा. आमचा ऑपरेटर कन्नड माणूस, त्याचं एकच म्हणणं, "सर, स्वल्प तडी", जरा थांबा, होईल शांत. तीन दिवस थांबलो. झाली नाही.

इंजिनिअरिंगला असताना रोबस्ट स्टॅबिलिटी, गुणाकारी अनिश्चितता, स्मॉल गेन थिअरम हे सगळं पाठ करून पेपर लिहिला होता. आता वाटतं हा तोच प्रश्न आहे, खरं कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

व्हीटीयू_सहावं_सेम

दादा, नावातच उत्तर आहे की. स्मॉल गेन म्हणजे गेन लहान ठेवायचा. ३.६ चा १ करा, विषय संपला. आम्हाला सरांनी असंच सांगितलंय.

जुना_कंट्रोलवाला

सहाव्या सेमच्या बाळा, गेन कमी केल्यावर त्यांची भट्टी शांत होईल हे खरं. थिअरम मात्र ते सांगत नाही. त्यांच्या मूळ लूपमध्ये इंटिग्रेटर आहे, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीला लूप गेन अनंताकडे जातो. "लूप गेन एकपेक्षा लहान" हा नियम त्या लूपला लावलास तर जगातला एकही पीआय पास होणार नाही. लहान असायला हवा तो दुसऱ्याच लूपचा गेन. तो लूप आधी शोधावा लागतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

भट्टीवाले, खरी भट्टी तुमच्या मॉडेलपेक्षा वेगळी आहे. किती वेगळी, ते बेरजेने न सांगता मॉडेलच्या पटीत सांगायचं:

Gp = G·(1 + WΔ),  |Δ| ≤ 1

W म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला मॉडेल जास्तीत जास्त किती टक्के चुकू शकतं त्याचा आकडा. Δ हा आपल्याला माहीत नसलेला भाग. त्याचा आकार एकच्या आत, फेज मात्र कुठलाही. आता लूप L = GC च्या जागी Gp·C ठेवा आणि 1 + Lp ला चक्क फोडा:

1 + Lp = 1 + L + L·WΔ = (1 + L)·(1 + WΔ·T),  T = L/(1 + L)

पहिला कंस म्हणजे तुमचं मूळ डिझाइन. ते स्टेबल आहे. दुसरा कंस कधीच शून्य होणार नाही याची खात्री हवी. WΔT चा आकार प्रत्येक फ्रिक्वेन्सीला एकपेक्षा कमी राहिला तर एकात ते मिळवून शून्य होणं शक्यच नाही. म्हणून अट |W·T| < 1, सगळ्या फ्रिक्वेन्सींना.

लूपच्या भाषेत बोलायचं तर Δ मधून बाहेर पडलेला सिग्नल WT मधून फिरून परत Δ पाशी येतो. प्रत्येक फेऱ्यात तो थोडा तरी लहान होत असेल तर विरून जातो. जॉर्ज झेम्स यांनी १९६६ मध्ये मांडलेला थिअरम हाच, त्यांची मांडणी नॉनलिनिअर सिस्टिमलाही लागू पडते. "लहान गेन" आहे तो या WT आणि Δ च्या फेऱ्याचा. अट एवढीच की मूळ डिझाइन स्टेबल असावं आणि Δ स्वतः स्टेबल असावा. तुमच्या बाबतीत दोन्ही आहे.

भट्टीवाला_उद्यमबाग

काका, इथपर्यंत समजलं. पेपरात पाच मार्कांना हेच लिहिलं होतं, तेव्हा काही कळलं नव्हतं. खरं माझ्या भट्टीचा W आणायचा कुठून?

जुना_कंट्रोलवाला

तुमच्या मॉडेलमध्ये उशीरच नाही. हीटर वाढवला की थर्मोकपलला त्याच क्षणी कळतं असं तुम्ही धरलंय. प्रत्यक्षात हवा फिरते, नळी तापते, मग आकडा हलतो. उशीर θ धरला तर खरी भट्टी म्हणजे G·exp(-θs). मॉडेलच्या पटीत चूक किती? exp(-jωθ) - 1, आणि तिचा आकार:

|exp(-jωθ) - 1| = 2·|sin(ωθ/2)|

सावकाश बदलांना चूक जवळजवळ शून्य, ωθ = π पाशी ती थेट २, म्हणजे दोनशे टक्के. उशीर ० ते θ मधला कितीही असू शकतो म्हणून त्यापुढे २ च धरायची.

आणि θ किती ते तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये सांगून बसलाय. तुमचा लूप 1/(λs) आणि वर उशीर. इंटिग्रेटर ९० अंश मागे, उरलेले ९० उशिराने खाल्ले की भट्टी डोलायला लागते. ωθ = π/2, म्हणजे डोलण्याचा काळ उशिराच्या बरोबर चौपट. ६ मिनिटं भागिले ४, ९० सेकंद. वर-खाली १२ अंश गुणिले गेन ३.६ म्हणजे आउटपुट साधारण ४३ टक्के वर-खाली. तुमचा हीटर सरासरी ६०च्या आसपास चालत असेल तर वरच्या टोकाला तो शंभरला टेकत असणार. म्हणूनच डोलणं वाढत न जाता १२ वर अडकलंय. हीटरला मर्यादा नसती तर ते वाढतच गेलं असतं.

भट्टीवाला_उद्यमबाग

आत्ताच ट्रेंड बघितला. आउटपुट दर फेऱ्याला १०० ला टेकतंय ओ! आणि जुन्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलंय, "उशीर अं. ४० से., दुर्लक्ष". ते ४० चे ९० कधी झाले कळलंच नाही.

निपाणीकर_गूळवाला

तुमचं गणित मला झेपत नाही, खरं हे दुखणं ओळखीचं आहे. आमच्या गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ वाढवला तर रसाला उकळी लगेच येत नाही. नवीन पोरगा जाळ घालायला बसला की उकळी दिसेना म्हणून अजून चिपाड ढकलतो, मग एकदम रस उतू जातो, मग तो जाळ ओढतो आणि काहील थंड पडते. जुना गुळव्या त्याला हात आखडायला लावतो. तुमचा ३.६ गेन म्हणजे तो नवीन पोरगा.

मच्छे_मॅटलॅब

जुना_कंट्रोलवाला यांचं सगळं बरोबर आहे, पण निदान चुकतंय असं वाटतं. उशिरासाठी वापरतात तो पहिल्या ऑर्डरचा वेट मी लावून बघितला:

W(s) = θs / (θs/2 + 1)

θ = ९०, λ = ५० टाकलं. |W·T| ची कमाल आली ०.९५. एकच्या आत आहे, म्हणजे लूप रोबस्टली स्टेबल. या वेटने तर λ ४५ पर्यंत खाली नेता येतो. तेव्हा उशीर ९० असला तरी भट्टी डोलायला नको होती. दुसरीकडे बघा, कॉन्टॅक्टर चिकटत असेल.

भट्टीवाला_उद्यमबाग

आता कोणाचं ऐकू? कॉन्टॅक्टर कालच उघडून बघितला, स्वच्छ आहे.

जुना_कंट्रोलवाला

मच्छेवाल्यांनी गणित बरोबर केलंय, वेट चुकीचा घेतलाय. असा घोळ मी मोठ्या लोकांकडून होताना पाहिलाय आणि एकदा स्वतः केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

W चं काम एकच, खऱ्या चुकीच्या नेहमी वर राहायचं. खाली गेला तर थिअरम तुमच्या भट्टीबद्दल काही बोलतच नाही, तो दुसऱ्याच कुठल्यातरी भट्टीबद्दल बोलतो. आता ωθ = 2 ला बघा, म्हणजे ω साधारण ०.०२२ रेडियन प्रति सेकंद. खरी चूक 2·sin(1) = १.६८. तुमचा वेट 2/√2 = १.४१. सोळा टक्के कमी, आणि तेही नेमकं जिथे T अजून पुरेसा खाली आलेला नाही तिथे. अगदी कमी आणि अगदी जास्त फ्रिक्वेन्सीला दोघं जुळतात, म्हणून ग्राफवर लांबून बघितलं तर सगळं ठीक वाटतं.

उशिराचं गणित मात्र आपल्याला नेमकं माहीत आहे. exp(-θs)/(λs) हा लूप θ/λ < π/2 असेल तरच स्टेबल, म्हणजे λ > 0.637·θ. θ = ९० ला λ किमान ५७.३ हवा. तुमचा वेट ४५ लाही पास करतो. म्हणजे त्याने अनस्टेबल भट्टीला प्रमाणपत्र दिलं.

खरी चूक थेट टाकून बघा:

```python
import numpy as np
th = 90.0
w = np.logspace(-4, 0, 20000)
x = np.minimum(w*th, np.pi)
err = 2*np.sin(x/2)
for lam in (50, 61, 180):
    T = 1/np.sqrt(1 + (lam*w)**2)
    print(lam, round(np.max(err*T), 3))
```

λ = ५० ला १.१३ च्या आसपास येईल, म्हणजे नापास. ६१ ला ०.९९९, काठावर पास. १८० ला ०.४३५.

पहिल्या ऑर्डरचा वेटच हवा असेल तर त्याला १.२२ ने गुणा. मग तो सगळीकडे खऱ्या चुकीच्या वर राहतो आणि ६१ ऐवजी λ साधारण ६५ लागतो. तेवढी किंमत द्यायला हरकत नाही.

मच्छे_मॅटलॅब

मान्य. दोन्ही वक्र एकावर एक काढून बघितले, मधल्या भागात माझा वेट खाली बसतोय. पण मग एक विचारतो. नेमकी मर्यादा ५७.३, स्मॉल गेनची ६१. तीन-चार सेकंदांचाच फरक. मग सगळे या थिअरमला "फार भितरा" का म्हणतात?

जुना_कंट्रोलवाला

उशिराच्या बाबतीत तो भितरा नाही, कारण उशीर नेमका फेजच बिघडवतो आणि थिअरमला भीती आहे ती फेजचीच. आता उशीर बाजूला ठेवा आणि फक्त गेन बदलतो असं धरा. व्होल्टेज वाढलं, हीटरचा एखादा एलिमेंट गेला, असं काही. L = k/(λs) हा लूप k कितीही वाढवा, स्टेबलच राहतो. स्मॉल गेनला विचाराल तर T ची कमाल १ असल्यामुळे तो म्हणेल चूक शंभर टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे गेन दुपटीपर्यंतच. त्याला वाटतं ती शंभर टक्के चूक कुठल्याही फेजने येऊ शकते. तुम्हाला माहीत आहे ती फक्त वर-खाली होते, थिअरमला ते सांगायची सोयच W आणि Δ मध्ये नाही. Δ ला फेजचं मोकळं रान दिलं तर |WT| < 1 ही अट नेमकी आहे, त्यात भितरेपणा काही नाही. भितरेपणा येतो तो आपण त्याला दिलेल्या रानामुळे.

तुमच्या भट्टीत दोन्ही असणार. गेन ३० टक्के वर-खाली आणि उशीर ९० पर्यंत. तेव्हा चूक |1.3·exp(-jωθ) - 1| धरा. स्मॉल गेनने λ साधारण ७५.५ च्या वर हवा. नेमकी मर्यादा आहे १.३ गुणिले ५७.३, म्हणजे ७४.५. इथे तर दोघांत सेकंदाचाच फरक राहिला.

खानापूरची_इन्स्ट्रुमेंटवाली

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघते. काका, एक शंका आहे. सगळा दोष उशिराला देताय, पण बदललंय काय काय? जाड नळी. जाड नळी उशीर करत नाही, ती लॅग करते, 1/(τs·s + 1) सारखा. मी तो तुमच्याच पद्धतीने टाकून बघितला. चुकीचा आकार कधीच एकच्या वर जात नाही आणि T ही एकच्या वर जात नाही. गुणाकाराची कमाल येते τs/(λ + τs), नेहमी एकच्या आत. म्हणजे नळी कितीही जाड घातली तरी एवढ्यावरून भट्टी डोलणार नाही. लूप सेकंड ऑर्डर होईल, थोडा ओव्हरशूट देईल, एवढंच. मग ते जास्तीचे ५० सेकंद आले कुठून?

जुना_कंट्रोलवाला

मॅडम, अगदी नेमका प्रश्न. नळी एकटी दोषी नाही हे मान्य. थर्मोकपल मागच्या भिंतीकडे गेला, तिथे फॅनची हवा फिरून पोचायला वेळ लागतो, तो खरा उशीर. आणि कॉन्टॅक्टर. भट्टीवाले, नवीन कॉन्टॅक्टरबरोबर सायकल टाइम बदलला का?

भट्टीवाला_उद्यमबाग

हो काका. कॉन्टॅक्टर जास्त टिकावा म्हणून इलेक्ट्रिशियनने तो २० वरून ६० सेकंद केला होता. मला सांगितलं होतं, मी "बरं" म्हणालो होतो.

खानापूरची_इन्स्ट्रुमेंटवाली

मग त्याचा वाटा आला. सायकल ६० ची असेल तर कंट्रोलरने आता मागितलेली पॉवर हीटरपर्यंत पोचायला सरासरी अर्ध्या सायकलचा, म्हणजे ३० सेकंदांचा उशीर धरतात. २० ची होती तेव्हा १० च होता. वीस सेकंद इथेच वाढले. उरलेले तीस जागेचे आणि नळीचे, पण त्यात कोणाचा किती हे इथे बसून नाही सांगता येणार.

भट्टीवाला_उद्यमबाग

आज दोन गोष्टी केल्या. आधी λ = १८० घेतला, म्हणजे उशिराच्या दुप्पट. गेन झाला १.०, इंटिग्रल टाइम ९०० तसाच. अर्ध्या तासात भट्टी शांत झाली. दोन अंशांच्या आत आहे.

मग लूप मॅन्युअलवर टाकून १० टक्क्यांची स्टेप दिली. पहिल्यांदा आकडा ७० सेकंदांनी हलला. दुसऱ्यांदा ९५ नी. कोणता खरा धरायचा?

आणि तक्रार अशी आहे की दार उघडून ट्रे घातल्यावर सेटपॉइंटला यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय. सुपरवायझर नाराज आहेत.

व्हीटीयू_सहावं_सेम

म्हणजे शेवटी गेन १ च केला ना! मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

जुना_कंट्रोलवाला

आकडा बरोबर सांगितलास, कारण चुकीचं दिलंस. पेपरात अर्धे मार्क मिळतील.

भट्टीवाले, ७० आणि ९५ दोन्ही खरे. स्टेप दिली तेव्हा कॉन्टॅक्टर सायकलच्या कुठल्या टप्प्यात होता त्यावर ते अवलंबून आहे. डिझाइनला ९५ धरा, वर थोडं अजून. λ = १८० ला θ ९० साठी |WT| ०.४३५ आहे, ३० टक्के गेनची चूक मिळवली तरी ०.५१ च्या आसपास. ९५ काय, त्याहून जास्तही पचेल.

दाराचं वेगळं. रोबस्ट स्टॅबिलिटीची ही अट फक्त एवढंच सांगते की भट्टी डोलणार नाही. दार उघडल्यावर ती किती लवकर सावरेल याबद्दल T काही बोलत नाही. तुम्ही कंट्रोलरच्या शून्याने भट्टीचा ९०० सेकंदांचा पोल कापलाय. सेटपॉइंट बदलताना तो दिसत नाही, पण दारातून शिरलेली थंडी त्याच ९०० च्या चालीने उतरते. λ वाढवला की त्या शेपटीची उंचीही वाढते. इंटिग्रल टाइम कमी करून बघता येईल, खरं मग T चा आकार बदलेल आणि हीच तपासणी नव्याने करावी लागेल. λ/(λs + 1) चं सोपं गणित तेव्हा चालणार नाही.

मच्छे_मॅटलॅब

काका, T = 1/(λs + 1). वर λ नको.

जुना_कंट्रोलवाला

बरोबर. घाईत लिहिलं. आभार.

खानापूरची_इन्स्ट्रुमेंटवाली

इंटिग्रल टाइम हलवण्याआधी सायकल टाइम परत २० करा. नाहीतर सरळ एसएसआर लावा आणि सायकल २ सेकंदांवर आणा. तिथेच जवळपास तीस सेकंद उशीर सुटतो, मग λ तेवढ्या प्रमाणात खाली आणता येईल आणि सुपरवायझरही खूश होतील. थर्मोकपलची जागा नंतर बघा, तेव्हा कळेल जागेचा वाटा किती होता.

निपाणीकर_गूळवाला

आमच्या गुळव्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "दार कमी उघडा म्हणावं."

भट्टीवाला_उद्यमबाग

सायकल आज २० केली, इलेक्ट्रिशियन तोंड वाकडं करून गेला. एसएसआरचं कोटेशन मागवलंय. मालक म्हणतात गणपती झाल्यावर बघू. तोवर λ १८० वरच ठेवतो. उशीर परत मोजून इथेच टाकेन.